निळ्याखालचा पिवळा

काळ्या केसांवर निळा रंग नुसता लावला, तर तो दिसतच नाही. उन्हात फार तर थोडी निळसर झाक मारते. काळ्या केसात मेलॅनिन इतकं दाट असतं, की वरचा रंग त्यात बुडून जातो. म्हणून आधी ब्लीच करून ते मेलॅनिन फोडावं लागतं, आणि निळा कसा उमटणार हे तिथंच ठरतं.

ब्लीच चढू लागलं की काळा केस एकदम पांढरा होत नाही. आधी विटेसारखा तांबडा, मग नारिंगी, मग पिवळा आणि शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट पिवळा, अशा पायऱ्या असतात. नारिंगीवर झगझगीत निळा लावला तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि मळका, राखाडी रंग उरतो. गडद पिवळ्यावर लावला तर सरळ हिरवा होतो. गुलाबी या बाबतीत जरा सोशिक आहे. पिवळ्यावर तो पीचकडे झुकतो, पण तरी बरा दिसतो. निळ्याला मात्र सालीच्या आतला तो फिकट पिवळाच हवा.

गेल्या वर्षी माझ्याकडे कॉलेजातली एक मुलगी आली. पाठीपर्यंत काळेभोर केस, निळे हवेत, पण "विग घातल्यासारखं नको" म्हणाली. मी आधी विचारलं, मेहंदी लावलीस का? दिवाळीत आईबरोबर पाकिटातली लावली होती. हे विचारायलाच हवं, कारण काही तयार मेहंदीत धातूंचे क्षार असतात. ब्लीचमधल्या पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतो, कधी तुटतोही. विंचरताना कंगव्यात निघालेले तिचे केस मी वाटीतल्या ब्लीचमध्ये टाकून पाहिले. वाटी गरम झाली नाही, केस अखंड राहिले. रंगाची ॲलर्जी आहे का, हे कानामागे थेंब लावून दोन दिवस आधीच पाहिलं होतं.

विगसारखं का दिसतं? सगळे केस एकाच निळ्याने मुळापासून टोकापर्यंत रंगवले म्हणून. खरा केस कधीच एकरंगी नसतो. मुळाशी गडद, टोकाला उन्हाने उतरलेला, खालच्या थरात सावली. म्हणून मी मानेजवळचा सगळा खालचा थर काळाच ठेवला. भांगाच्या दोन्ही बाजूंनाही हात लावला नाही. वरच्या थरात शेपटीच्या कंगव्याने बारीक बटा विणून उचलल्या आणि फॉइलमध्ये ठेवल्या. दोन फॉइलच्या मधे तेवढेच काळे केस सोडले. ब्लीच मुळापासून दोन बोटं खाली सुरू केलं, तेही 6 टक्के पेरॉक्साइडमध्ये कालवून. जास्त जोराचं लवकर चढतं खरं, पण केसाचं बाहेरचं खवल्यांचं आवरण खडबडीत होतं आणि मग रंग डागाडागांनी बसतो.

दर दहा मिनिटांनी एक फॉइल उघडून, ब्लीच पुसून पाहायचं. सगळ्या बटा मी सारख्या चढू दिल्या नाहीत. आतल्या काही नारिंगी-पिवळ्यावरच थांबवल्या, वरच्या फिकट पिवळ्यापर्यंत नेल्या. ओल्या बटेला हलकं ताणलं. ती ताणून परत जागेवर आली. च्युइंगमसारखी लांबतच गेली असती, तर तिथंच थांबून उरलेलं काम महिन्याभराने केलं असतं. यात घाई करणाऱ्यांचा मला खरोखर राग येतो. जळलेला केस रंग धरत नाही, तो कापावाच लागतो.

धुऊन झाल्यावर फिकट बटांना जांभळं टोनर काही मिनिटं लावलं, म्हणजे उरलासुरला पिवळा मरतो. मग निळे तीन. आतल्या नारिंगी बटांवर दाट नेव्ही ब्लू, कारण तिथं तो मळला तरी सावलीच दिसते. वरच्या बटांना मुळाकडे तोच नेव्ही, मधे मोरपंखी नव्हे तर शुद्ध निळा, टोकाला पांढऱ्या कंडिशनरमध्ये पातळ केलेला. दोन रंग भेटतात तिथं बोटांनी चोळून शिवण मोडली. या रंगात पेरॉक्साइड मिसळायचं नसतं. तो केसाच्या वरच्या थरांतच बसतो, म्हणून अर्धा तास ठेवून गार पाण्याने धुतला, शाम्पूशिवाय.

तो वरवर बसतो म्हणूनच उतरतोही. दर धुण्याला थोडा थोडा जातो आणि खालचा पिवळा डोकं वर काढतो, निळा हिरवट वाटू लागतो. मी तिला सांगितलं, आठवड्यातून दोनदाच धू, गरम पाणी नको, आणि घरी तोच निळा कंडिशनरमध्ये कालवून पंधरा दिवसांनी लाव.

चार महिन्यांनी ती आली तेव्हा मुळं दोन इंच वाढली होती, पण कुठं रेघ दिसत नव्हती. वेणी घातली होती. तिच्या पेडांत काळा, नेव्ही, निळा एकामागून एक आत जात होते, बाहेर येत होते.