वाटेत गाडी बंद पडली तर शाळेला कसे कळवावे?

मंडळी, समजा तुम्ही शिक्षक आहात. शिरवळहून मोटारीने साताऱ्याच्या शाळेत निघालात. शाळा अकराची, आठवीची चाचणी पहिल्याच तासाला, आणि प्रश्नपत्रिकांच्या कपाटाची किल्ली तुमच्या खिशात. सव्वानऊला खंबाटकीचा घाट चढताना बॉनेटमधून वाफ येऊ लागली. आता काय करायचं?

आधी गाडी डाव्या कडेला घ्या, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकते ठेवा, लाल त्रिकोण मागे बराच दूर मांडा आणि गाडीपासून बाजूला उभे राहा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा क्रमांक आहे. मग लगेच मुख्याध्यापकांना फोन करा. गाडी दुरुस्त झाल्यावर कळवू, असं म्हणत बसू नका. सव्वानऊला कळवलं तर त्यांच्या हाती पावणेदोन तास राहतात. अकराला कळवलं तर काहीच राहत नाही.

पण वेळ काय सांगावी? इथंच बहुतेकांचं चुकतं. भिडेपोटी आपण “दहा मिनिटांत निघतो” म्हणून जातो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं. म्हणून अर्धा तास तरी थांबायलाच हवं. पाणी भरून, नळी पाहून निघायला आणखी अर्धा तास धरा. पुढचा रस्ता तासाभराचा. म्हणजे सव्वाअकरा झाले. मध्ये काही अडलं तर? म्हणून पावणेबारा सांगा. सांगितल्या वेळेआधी पोचलेल्या माणसाला कोणी बेफिकीर म्हणत नाही. तीनदा वेळ बदलणाऱ्याला म्हणतात.

फोनवर एवढंच बोला: “सर, खंबाटकी घाटात माझी गाडी तापून बंद पडली आहे. मी सुखरूप आहे. पावणेबारापर्यंत पोचेन. आठवीची चाचणी अकराला आहे. कपाटाची दुसरी किल्ली कार्यालयात आहे, कृपया कुणाला तरी वर्गावर पाठवावं. सव्वादहाला पुन्हा फोन करतो.”

पाहा, यात गाडीला दूषण नाही, रडगाणं नाही. आपल्यावाचून अडणारं काम कोणतं आणि ते कसं चालेल, हे मात्र आहे. ऐकणाऱ्याला तेच हवं असतं.

सव्वादहाचा फोन चुकवू नका. गाडी सुरू झाली नसेल तरी तसं सांगा, आणि गाडी सुरक्षित लावून येणारी एसटी धरा.

आणि एक राहिलं. दोन दिवस रेडिएटरचं पाणी पाहायचं तुमच्याकडून राहिलं असेल, तर पोचल्यावर ते मोकळेपणाने सांगून टाका. “आता रोज सकाळी पाहीन” एवढं पुरे. मात्र दोष नसताना तो अंगावर घेऊ नका, आणि असताना घाटावर ढकलू नका.