आरशाचे वय आणि पाठीवरील मुलामा
जुन्या युरोपीय आरशाचे वय ठरविताना प्रथम त्याची पाठ पाहावी. पूर्वी कथलाच्या वर्खावर पारा ओतून मुलामा देत. तो करडा असतो व पारा खाली झिरपल्याने खालच्या कडेशी आधी बिघडतो. 1835 मध्ये लीबिग यांनी चांदी चढविण्याची रासायनिक रीत शोधली, तरी जुनी रीत पुढेही काही दशके टिकली.

मात्र मुलाम्याचे वय ते आरशाचे वय नव्हे. समजा, अठराव्या शतकातील चौकटीच्या पाठीवर हातरंध्याच्या खुणा आहेत, काच पातळ व लहरी आहे, तिची उतरती कड बोटाला जेमतेम जाणवते. पण मुलामा चांदीचा आहे. तेथे जुन्याच काचेवर नवा मुलामा चढविला असावा. काच जाड, सपाट व कड तीव्र असल्यास काचच बदललेली असण्याचा संभव अधिक.