नवीन घरातला पहिला आठवडा : आधी स्वयंपाकघर, मग कपाटं, शेवटी हॉल

गेल्या पावसाळ्यात आम्ही नागपूरहून मौद्याला राहायला आलो. सामान उतरलं तसं हमालांनी लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला टेकवून ठेवलं. वरच्या फळीवर कुरआन शरीफ, मधे घराचे कागद आणि खाली गाद्या-दुलया. महिन्याभरात कपाटाच्या आतून वास यायला लागला. कागदांच्या कडा ओलसर झाल्या होत्या आणि दुलईवर बुरशीचे काळे ठिपके होते. तेव्हा कळलं, घाई नको त्या खोलीत झाली.

पहिल्या दिवशी फक्त स्वयंपाकघर आणि बाथरूम लावा. गॅस जोडला की नळी आणि रेग्युलेटरच्या जोडावर साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. लगेच रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेचं बटण दाबू नका आणि गॅसवाल्याला बोलवा. काडी पेटवून तपासायचं अजिबात नाही. सिलिंडर उभा ठेवा आणि शेगडी त्याच्यापेक्षा उंच ओट्यावर. फ्रिज गाडीत आडवा आणला असेल तर जितका वेळ आडवा होता, निदान तितका वेळ उभा ठेवून मगच चालू करा.

दुसऱ्या दिवशी झोपायची खोली. इथे गाद्या तेवढ्या अंथरा, कपाट भरू नका. आपल्याकडे पावसाचा वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो, म्हणून त्या बाजूची बाहेरची भिंत जास्त भिजते. नवीन प्लास्टरमध्येही बरेच दिवस ओल राहते. तपासायला हातभर प्लास्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर भिंत ओली आहे. खोलीकडच्या बाजूला असतील तर ओल हवेतली आहे. खिडकी उघडी ठेवा, पंखा चालवा. भिंत कोरडी निघाली तरी कपाट चार बोटं पुढे ठेवा, म्हणजे मागून हवा खेळते. ओली असेल तर कपाट आतल्या भिंतीला हलवा.

चौथ्या दिवसापर्यंत नमाजची जागा ठरवा, कारण पलंग कसा ठेवायचा ते बऱ्याच घरांत त्यावरूनच ठरतं. मौद्याहून किब्ला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे झुकलेला आहे, साधारण 7 ते 8 अंश. मोबाईलचा कंपास लोखंडी कपाट किंवा पलंगाजवळ चुकतो. खोलीच्या मधोमध किंवा गच्चीवर जाऊन बघा आणि जवळच्या मशिदीच्या मेहराबशी ताडून घ्या. कुरआन शरीफची फळी मात्र ओल्या भिंतीवर ठोकू नका.

हॉल शेवटी. तोवर न उघडलेले खोके तिथेच राहू द्या, पण जमिनीवर नाही, पाट किंवा विटांवर. पाहुणे आले तर चटई पुरते. आमचे कागद उन्हात वाळले, दुलई मात्र टाकावी लागली.