शर्ट धुतला, पण निघाला कसा?

मँडरिन चिनीची पहिली काही महिन्यांची वाट सोपी असते. ‘वो ह छा’ म्हणजे मी चहा पितो. आधी कर्ता, मग क्रियापद, मग कर्म. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापदाची रूपं नाहीत. मधल्या टप्प्यावर मात्र दोन रचना शेजारीशेजारी येतात आणि वह्या लाल शाईने भरू लागतात. एक ‘बा’ची आणि दुसरी ‘द’ची. पाठ्यपुस्तकांत त्यांचे धडे बहुधा वेगवेगळे असतात. खरं तर एकच वस्तू घेऊन दोन्हींचा सराव केला, तर त्यांचं नातं लवकर उमगतं. इथे ती वस्तू आहे एक मळका शर्ट. चिनीत त्याला ‘छनशान’ म्हणतात, धुणं म्हणजे ‘शी’ आणि स्वच्छ म्हणजे ‘गानजिंग’.

सरावाचं पहिलं वाक्य साधं आहे. ‘था शी छनशान’, तो शर्ट धुतो. त्या शर्टाचं पुढे काय झालं, हे या वाक्यातून कळत नाही. ते सांगायचं असेल तर शर्ट क्रियापदाच्या आधी आणायचा, त्यापुढे ‘बा’ ठेवायचा आणि क्रियापदानंतर परिणाम जोडायचा. ‘था बा छनशान शी गानजिंग ल’ म्हणजे त्याने शर्ट धुऊन स्वच्छ केला. शेवटचा ‘ल’ काम पूर्ण झाल्याची खूण आहे. ‘बा’ मुळात ‘धरणे, हातात घेणे’ या अर्थाचं क्रियापद होतं. विसाव्या शतकात चिनी व्याकरणकार वांग ली यांनी या रचनेला जे नाव दिलं, त्याचा अर्थ विल्हेवाट लावण्याची रचना असा होतो. एखाद्या वस्तूची काय वाट लावली, तिला कुठे ठेवलं, तिचं काय केलं, हे सांगायला ती वापरतात.

मराठी माणूस इथेच फसण्याची शक्यता असते. मराठीत कर्म क्रियापदाच्या आधीच येतं, त्यामुळे ‘बा’ची वाक्यं त्याला ओळखीची वाटतात आणि तो ती सर्रास वापरू लागतो. ‘वो बा छा ह’ असं तो लिहून मोकळा होतो. हे वाक्य अर्धवट आहे, कारण ‘बा’च्या वाक्यात क्रियापद उघडं सोडून चालत नाही. ‘वो बा छा ह ल’ म्हटलं की चहा पिऊन टाकला, आणि ‘वो बा छा ह वान ल’ म्हटलं की सगळा संपवला. शर्टाच्या बाबतीत ‘शी यीश्या’, म्हणजे जरा धुऊन घे, एवढी जोडही पुरते. आपल्या ‘धुऊन टाकला’, ‘पिऊन टाकला’ यांतला ‘टाकला’ जसं काम तडीस नेतो, तसं काहीतरी क्रियापदामागे असावंच लागतं.

क्रियेचा वस्तूवर काही परिणाम व्हायला हवा, ही दुसरी अट. म्हणून आवडणं (शीह्वान), माहीत असणं (जरदाओ) अशी क्रियापदं ‘बा’बरोबर चालत नाहीत. पुस्तक आवडलं म्हणून पुस्तकात काही फरक पडत नाही. तिसरी अट वस्तूची. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला ती ठाऊक असायला हवी. कुठलातरी एक शर्ट नव्हे, तो शर्ट. याच्या उलट, काही ठिकाणी ‘बा’वाचून गत्यंतर नसतं. वस्तू कुठे ठेवली हे सांगताना ‘वो बा छनशान फांग झाय छ्वांग शांग’ असंच म्हणावं लागतं, म्हणजे मी शर्ट पलंगावर ठेवतो. ‘वो फांग छनशान झाय छ्वांग शांग’ हे प्रमाण चिनीत चुकीचं धरतात.

नकाराची जागा हा स्वतंत्र सरावाचा विषय आहे. मराठीत ‘नाही’ शेवटी येतं, म्हणून विद्यार्थी चिनी नकार क्रियापदाला चिकटवू पाहतो. तो जातो ‘बा’च्या आधी आणि शेवटचा ‘ल’ गळतो. ‘था मेय बा छनशान शी गानजिंग’, त्याने शर्ट स्वच्छ धुतला नाही. शकणं, हवं असणं असे शब्दही ‘बा’च्या आधीच बसतात.

आता ‘द’. काम झालं हे कळलं, पण कसं झालं? त्यासाठी क्रियापदाला ‘द’ लावून पुढे शेरा लिहायचा. ‘शी द हन गानजिंग’ म्हणजे अगदी स्वच्छ धुतलं आहे. मराठीत ‘छान गातो’ म्हणताना ‘छान’ आधी येतं, चिनीत शेरा मागून येतो. अडचण येते ती कर्म असताना. ‘था शी छनशान द हन गानजिंग’ चूक, कारण ‘द’ थेट क्रियापदालाच लागतो. मग तीन वाटा उरतात. क्रियापद दोनदा घ्यायचं: ‘था शी छनशान शी द हन गानजिंग’. शर्ट नुसता आधी आणायचा: ‘था छनशान शी द हन गानजिंग’. किंवा ‘बा’ वापरायचा: ‘था बा छनशान शी द हन गानजिंग’. पहिल्या दोन वाटांनी त्याच्या धुण्याच्या हातोटीबद्दलही बोलता येतं. तिसऱ्या वाटेने मात्र ठरावीक शर्टाची गोष्ट सांगितली जाते. तो गातो छान असं म्हणायचं तर ‘था छांग ग छांग द हन हाओ’. तिथे ‘बा’ नको, कारण कुठलं गाणं ते ठरलेलंच नाही. एखादं ठरावीक गाणं त्याने सुरेख म्हटलं असं सांगायचं असेल, तर ‘बा’ खुशाल येऊ शकतो.

‘द’चा नकार शेऱ्यात येतो. ‘शी द बू गानजिंग’ म्हणजे धुतलं, पण नीट नाही. सर्वांत फसवी जागा इथेच आहे. ‘शी द गानजिंग’, मध्ये ‘हन’ नाही, याचा अर्थ सहसा ‘धुऊन स्वच्छ होऊ शकतं’ असा होतो. त्याचा नकार आहे ‘शी बू गानजिंग’, म्हणजे कितीही धुवा, डाग जाणारच नाही. एका ‘हन’च्या अंतरावर कामाचा दर्जा आणि कामाची शक्यता वेगळी होते. शक्यतेची ही रचना ‘बा’च्या वाक्यात बसत नाही. स्वच्छ धुता येईल असं म्हणायचं तर ‘शकणं’ दाखवणारा ‘नेंग’ ‘बा’च्या आधी आणावा लागतो: ‘था नेंग बा छनशान शी गानजिंग’.

सहा पातळ्यांच्या एचएसके परीक्षेत चौथ्या पातळीवर विस्कटलेले शब्द जुळवून वाक्य लिहिण्याचे 10 प्रश्न असत. ‘गानजिंग, था, शी द, बा, फेयछांग, छनशान’ असे सहा तुकडे समोर आले, तर डावीकडून अंदाजाने शब्द मांडत बसू नये. आधी ‘शी द’ उचलावा. त्याच्या उजवीकडे शेरा हवाच, म्हणून ‘फेयछांग गानजिंग’, म्हणजे अतिशय स्वच्छ. डावीकडे ‘बा छनशान’ आणि सुरुवातीला ‘था’. वाक्य तयार होतं: ‘था बा छनशान शी द फेयछांग गानजिंग’. हाताशी ‘मेय’ असता, तर तो ‘बा’च्या आधी ठेवून परिणाम ‘द’ न लावता जोडावा लागला असता.

शिकणाऱ्याने हा सराव घरच्या घरी एकेका वस्तूवर करून पाहावा. खोली झाडली, भाजी चिरली, पत्र लिहिलं अशी रोजची कामं घ्यावीत. प्रत्येकाचं आधी साधं वाक्य लिहावं, मग वस्तूचं काय झालं हे ‘बा’ने, मग काम कसं झालं हे ‘द’ने, आणि शेवटी दोन्हींचा नकार. वाक्य तपासताना आधी ‘बा’च्या वाक्यातलं क्रियापद उघडं राहिलंय का, हे पाहावं, आणि मग नकार आपल्या जागी आहे का, हे.