‘हो’ कोण म्हणालं?

समजा, गिरणगावातल्या एका निवृत्त कामगाराची मुलाखत चालली आहे. विषय 1982 चा संप. मुलाखत घेणारी मुलगी विचारते, ‘‘काका, म्हणजे संप फसतोय हे तुम्हाला तेव्हाच कळत होतं?’’ काका म्हणतात, ‘‘हो.’’ जरा थांबून पुढे म्हणतात, ‘‘पण बोलणार कोणाला?’’

टेबलावरच्या मोबाइलमध्ये हे सगळं रेकॉर्ड होतं. घरी येऊन ती मुलगी फाइल संगणकाला देते आणि थोड्या वेळात संवाद टाइप होऊन मिळतो, तोही कोण काय म्हणालं याच्या खुणांसकट. त्यात हा भाग असा उतरलेला असू शकतो : ‘‘मुलाखतकार – काका, म्हणजे संप फसतोय हे तुम्हाला तेव्हाच कळत होतं हो? कामगार – पण बोलणार कोणाला?’’ मराठी म्हणून यात काहीच खटकत नाही. प्रूफ तपासणारा पुढे जाईल. पण या माणसाने दिलेली स्पष्ट कबुली कागदावरून नाहीशी झाली आहे. तिच्या जागी एक लाडिक प्रश्न आला आहे.

ही चूक सहज होण्यासारखी आहे. ती का होते हे समजायला यंत्र दोन आवाज वेगळे कसे करतं ते पाहावं लागेल. या कामाला तंत्रज्ञ ‘डायरायझेशन’ म्हणतात. कोण कधी बोललं याची नोंद ठेवणं एवढंच ते काम.

मोबाइलच्या माइकपाशी काकांचा आवाज, मुलीचा आवाज, पंख्याची घरघर आणि रस्त्यावरचा हॉर्न हे सगळं एकत्रच येतं. माइक हवेच्या दाबातला चढउतार मोजतो. अशा कामासाठी सहसा सेकंदाला 16,000 आकडे घेतले जातात आणि ते एकाच रांगेत असतात. कोणता आकडा कोणाच्या तोंडून आला, हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं.

यंत्र आधी माणसाचं बोलणं कुठे आहे आणि नुसती शांतता किंवा खडखडाट कुठे आहे हे ठरवतं. मग बोलण्याचे छोटे तुकडे पाडतं. प्रचलित पद्धतीत तुकडा साधारण दीड सेकंदाचा असतो आणि पुढचा तुकडा पाऊण सेकंद सरकून सुरू होतो, म्हणजे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यापासून आवाजाचा एक ठसा तयार होतो. ठसा म्हणजे आकड्यांची यादी. 2018 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी मांडलेल्या ‘एक्स-व्हेक्टर’ पद्धतीत यादीत 512 आकडे असतात, नंतरच्या काही पद्धतींत 192. हे ठसे काढणाऱ्या न्यूरल नेटवर्कला आधी हजारो माणसांचे आवाज ऐकवून ‘यातला कोणता कोणाचा’ हे ओळखायला लावलेलं असतं. त्यासाठी सर्रास वापरला जाणारा ‘व्हॉक्ससेलेब’ हा ऑक्सफर्ड विद्यापीठाने जमवलेला संग्रह यूट्यूबवरच्या मुलाखतींतूनच आलेला आहे. त्यात सात हजारांहून अधिक वक्ते आहेत.

आपले काका त्या सात हजारांत नाहीत, आणि असण्याची गरजही नाही. आवाजांत फरक कशाने पडतो हे नेटवर्क शिकलेलं असतं. स्वरतंतू सेकंदाला किती वेळा कंपतात, घशापासून ओठांपर्यंतची नळी किती लांब आहे, नाकातून किती आवाज येतो, अशा गोष्टींच्या खुणा त्या ठशात मिसळलेल्या असतात. सगळे ठसे काढून झाले की यंत्र एकमेकांशी जुळणाऱ्या ठशांचे ढीग लावतं. एक ढीग म्हणजे एक माणूस. त्या ढिगाला ते SPEAKER_00, SPEAKER_01 अशी नावं देतं. काका कोण आणि मुलगी कोण हे त्याला माहीत नसतं. त्यामुळे तासाभराची फाइल तोडून दोन भागांत दिली, तर पहिल्या भागातला 00 दुसऱ्या भागात 01 होऊन बसू शकतो. ही गफलत फार जणांची होते आणि ती झाल्यावर मुलाखतीचा उत्तरार्ध अथपासून इतिपर्यंत उलटा छापला जातो. निदान ती पाहताक्षणी कळते तरी.

ढीग किती लावायचे, हा या कामातला अवघड प्रश्न. सारखेपणाची अट कडक ठेवली तर एकाच माणसाचे तीन होतात. एखाद्या आजींनी मुलाखतीच्या मध्येच ओवी म्हटली, सासूची नक्कल केली किंवा बोलता बोलता त्यांना रडू फुटलं, की यंत्राला खोलीत कोणी नवीन आल्यासारखं वाटतं. अट सैल केली तर दोन सख्ख्या बहिणी एकाच ढिगात जाऊन पडतात. यावर उपाय सोपा आहे. मुलाखतीत दोघेच होते हे आपल्याला ठाऊक असतं, तर ते यंत्राला आधीच सांगावं. ‘पायअॅनोट’ या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत त्यासाठी `num_speakers=2` एवढंच लिहावं लागतं. हे न लिहिता निकालावर चिडणारे लोक बरेच आहेत.

आता त्या ‘हो’कडे वळू. काकांचं ‘हो’ फार तर 0.4 सेकंदाचं. ते दीड सेकंदाच्या तुकड्यात सापडलं तर तुकड्याचा जेमतेम पाव भाग काकांचा आणि उरलेल्यात मुलीच्या प्रश्नाचं शेपूट. ठसा अर्थातच मुलीचा उमटणार. बरं, ‘हो’ एकटं कापून दिलं तरी अडचण संपत नाही. त्यात एकच स्वर, तोंडाचा एकच आकार. माणूस वेगवेगळे वर्ण उच्चारतो तेव्हा त्याच्या आवाजाची ओळख पक्की होत जाते. एका ‘ओ’वरून ती अर्धीकच्ची राहते.

त्यात माणसं वाट पाहत नाहीत. जगातल्या 10 भाषांमधल्या प्रश्नोत्तरांचा एक अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सुमारे 0.2 सेकंद लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे समोरचा प्रश्न पुरा करत असतानाच आपलं उत्तर तयार असतं, आणि पुष्कळदा ते प्रश्नाच्या शेवटच्या शब्दावरच येऊन आदळतं. आपल्याकडे तर ऐकणाऱ्याने ‘हं’, ‘बरं’, ‘अगदी’ असे हुंकार दिले नाहीत, तर सांगणाऱ्याला वाटतं की याचं लक्षच नाही. दोघे एकाच वेळी बोलतात तेव्हा एका तुकड्याला एकच नाव द्यायची पद्धत मुळातच तोकडी पडते.

म्हणून 2019 च्या सुमारास हिताची कंपनीतल्या संशोधकांनी वेगळा मार्ग मांडला. तुकडे आणि ढीग बाजूला ठेवून नेटवर्कलाच क्षणाक्षणाला विचारायचं : आत्ता पहिला बोलतोय का? दुसरा बोलतोय का? दोन्हींचं उत्तर ‘होय’ असू शकतं. आजच्या पायअॅनोटमध्ये दोन्ही मार्गांचा मेळ आहे. ते एका वेळी 10 सेकंदांचा भाग घेऊन त्यातली अदलाबदल बारकाईने पाहतं आणि मग ठशांच्या आधाराने सगळे भाग जोडतं. यामुळे छोटी उत्तरं पूर्वीपेक्षा बरीच सापडतात. सगळी सापडत नाहीत.

हे नाव लावणं झालं. शब्द टाइप करणारी प्रणाली बहुधा वेगळीच असते. उदाहरणार्थ, 2022 साली आलेली ‘व्हिस्पर’ शब्द उतरवते, पण कोण बोललं हे सांगत नाही. दोन्ही प्रणालींच्या वेळा जुळवूनच संवाद तयार होतो. शब्दांच्या वेळेत सेकंदाचा तिसरा हिस्सा इकडेतिकडे झाला, तरी नावाच्या सीमेवरचा शब्द भलत्याच्या तोंडी जातो. शिवाय अशा प्रणाली मजकूर नीटनेटका करण्याच्या ओघात लहान हुंकार गाळूनही टाकतात.

मग या प्रणालींच्या चुकीची टक्केवारी एवढी कमी कशी दिसते? कारण ती सेकंदांत मोजतात. किती सेकंद बोलणं सुटलं, किती सेकंद नसलेलं बोलणं धरलं आणि किती सेकंद भलत्याच्या नावावर गेलं, या तिन्हींची बेरीज करून एकूण बोलण्याच्या वेळेने भागायचं. आपल्या मुलाखतीत 3,000 सेकंद बोलणं आहे आणि त्यात सरासरी 0.4 सेकंदाची 200 छोटी उत्तरं आहेत असं धरू. त्यांचा एकूण वेळ 80 सेकंद. यंत्राने ती सगळी, अगदी झाडून सगळी, चुकवली तरी चूक 2.7 टक्के!

त्याहून गंमत पुढे आहे. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या चाचण्यांमधून रूढ झालेल्या रीतीत प्रत्येक सीमेच्या अलीकडचं आणि पलीकडचं 0.25 सेकंद मोजणीतून वगळतात, कारण सीमा आखणाऱ्या माणसांचाही हात तेवढा हलतोच. सवलत वाजवी आहे. पण 0.4 सेकंदाच्या ‘हो’ला दोन्ही टोकांकडून ही सवलत लावली की ते अख्खंच वगळलं जातं. ते चुकलं तरी चूक शून्य. 2018 पासून झालेल्या ‘डायहार्ड’ स्पर्धांनी ही सवलत काढून टाकली आणि एकावर एक आलेलं बोलणंही मोजायला घेतलं, ते योग्यच झालं. तरी सेकंदांचं माप कायम राहिलं, आणि मुलाखतीत होकार-नकाराचं वजन सेकंदांवर ठरत नाही.

सगळ्यात पक्का उपाय रेकॉर्डिंगच्या वेळचाच आहे. दोघांच्या कॉलरला वेगवेगळे माइक लावावेत आणि ते फाइलच्या डाव्या व उजव्या अशा स्वतंत्र वाहिन्यांवर घ्यावेत. काकांच्या तोंडापासून त्यांचा माइक 20 सेंटिमीटरवर आणि मुलीचा मीटरभर लांब असेल, तर भिंतींवरून परतणारा आवाज सोडून दिल्यास त्यांच्या माइकवर काकांच्या आवाजाची लाट पाचपट उंच उमटते. मग ‘हो’ कोणत्या वाहिनीत मोठं आहे, हे पाहिलं की झालं. त्याला ठसाही नको आणि ढीगही नको. फक्त ती फाइल कुठे पाठवताना किंवा लहान करताना मोनो होऊ देऊ नये. दोन्ही वाहिन्या एकदा मिसळल्या की त्या पुन्हा सुट्या होत नाहीत.

एकाच माइकची फाइल हातात असेल, तर ती तपासावी लागते. डायरायझेशनचा निकाल अशा ओळींत मिळतो :

```
SPEAKER mulakhat 1 62.10 0.38 <NA> <NA> SPEAKER_01 <NA> <NA>
```

62.10 व्या सेकंदाला सुरू झालेला, 0.38 सेकंद चाललेला हा तुकडा दुसऱ्या वक्त्याच्या नावावर आहे. एक सेकंदापेक्षा लहान असे सगळे तुकडे निवडून ऐकावेत. पण गिळलं गेलेलं ‘हो’ या यादीत येतच नाही, कारण त्याचा स्वतंत्र तुकडाच झालेला नसतो. ते शोधायला मजकुराकडे जावं लागतं. प्रश्न संपल्यावरही तोच माणूस बोलत राहिलेला दिसतो अशा जागा पाहाव्यात. वक्ता बदलतो तिथला अलीकडचा शेवटचा आणि पलीकडचा पहिला शब्द ऐकावा. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘बरोबर’ हे शब्द तर शोधपट्टीत टाकून एकेक काढावेत.

तासाभराच्या मुलाखतीत अशा 200 जागा निघाल्या आणि प्रत्येक जागेला पाच सेकंद ऐकलं, तरी ते ऐकणं 17 मिनिटांच्या आत संपतं. मुलाखत कोणाच्या तरी नावाने छापायची असेल, तर तेवढी मिनिटं छापण्याआधी द्यावीत.