‘पासून’ दिसलं की सिन्स?

माणगावात आम्ही शिकवतो ती मुलं हमखास लिहितात, ‘अब्बा इज इन कुवेत सिन्स फाइव्ह इयर्स.’ मराठीचं ‘पासून’ आणि उर्दूचं ‘से’ दोन्हीकडे चालतं, म्हणून हा घोळ. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगताना सिन्स, मुदत सांगताना फॉर. ‘पाच वर्षं’ ही मुदत. आणि ‘आहेत’ बघून ‘इज’ घ्यायचं नाही. अब्बा अजून तिथेच आहेत, म्हणून ‘हॅज बीन इन कुवेत फॉर फाइव्ह इयर्स’. सिन्सलाही हेच रूप: ‘माणगाव हॅज हॅड अ रेल्वे सिन्स 1993.’

अब्बा कायमचे परत आले, तर फॉर तसाच राहतो, क्रियापद बदलतं: ‘वॉज इन कुवेत फॉर फाइव्ह इयर्स’.

अगो मुदतीच्या मागे बसतो, साधा भूतकाळ मागतो: ‘ही वेंट फाइव्ह इयर्स अगो’. इथे ‘हॅज गॉन’ चालत नाही.