पाळीचे दुखणे वाढले म्हणजे पिशवी काढायची असे नाही

आपल्या बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारी पाहणी झाली. 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. उसाच्या फडात एक दिवस घरी बसले तरी खाडा कापला जातो. त्यामुळे पाळीच्या दुखण्यावर आधी काय करावे, तपासणी कशाची करावी, हे प्रश्न मागे पडून थेट ऑपरेशनच पुढे येते. म्हणून या साध्या गोष्टी आम्ही इथे मांडत आहोत.

पाळीत गर्भपिशवीच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याने पिशवी आवळते आणि कळा येतात. मेफेनॅमिक ॲसिड किंवा आयबुप्रोफेन ही औषधे हे द्रव्य तयार होणेच कमी करतात. म्हणून कळ असह्य होण्याची वाट पाहू नये. दुखणे सुरू होताच, काही खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत ती घ्यावीत आणि दोन-तीन दिवस वेळेवर चालू ठेवावीत. रमजानमध्येही या दिवसांत रोजा नसतो, तेव्हा उपाशीपोटी गोळी घेण्याचे कारण नाही. पोटात अल्सर, किडनीचा आजार किंवा दमा असेल, अथवा दिवस गेल्याची शंका असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये.

सोबत गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून ओटीपोटावर किंवा कमरेवर पंधरा-वीस मिनिटे ठेवावी. पिशवी नसेल तर बाटली चालते, पण चटका बसणार नाही एवढेच पाणी गरम असावे. पहिले एक-दोन दिवस जड ओझे उचलू नये.

आता समजा, 34 वर्षांच्या एका भगिनीला पूर्वी पाळीचा पहिला दिवसच दुखायचा. गेल्या चार महिन्यांपासून पाळीच्या तीन दिवस आधीच दुखू लागते, रक्तस्राव थांबला तरी राहते, आणि गोळीने फरक पडत नाही. हे नेहमीचे दुखणे नव्हे. गाठ, जंतुसंसर्ग, किंवा अस्तर पिशवीबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस हा आजार असू शकतो. तिने हिमोग्लोबिन, लघवीची गर्भचाचणी आणि सोनोग्राफी करावी. एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दिसेलच असे नाही. म्हणून रिपोर्ट चांगला आला तरी त्रास राहिल्यास पुन्हा दाखवावे. यातल्या बऱ्याच आजारांवर गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या औषधांनी उपचार होतात.

तासाला एक पॅड भिजत असेल, ताप व दुर्गंधीयुक्त स्राव असेल, किंवा पाळी चुकून एका बाजूला अचानक जोराची कळ आली असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितले, तर आजाराचे नाव लिहून मागावे, औषधाने काय होईल ते विचारावे आणि जिल्हा रुग्णालयात दुसरे मत घ्यावे. पिशवीसोबत अंडाशयेही काढणार का, हेही विचारावे. ती गेली की कमी वयातच पाळी कायमची थांबते आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.